टी सेक्शनचा प्लास्टिक न्यूट्रल अक्ष, Zp आणि शेप फॅक्टर: एक उदाहरण शेवटपर्यंत

प्रश्न: फ्लँज १२० × १० मिमी (वर), वेब १५० × १० मिमी (खाली). सेंट्रॉइडभोवती क्षेत्रांचे मोमेंट घेऊन Zp १,२२,२२५ घन मिमी आला आणि शेप फॅक्टर १.९१. पुन्हा केलं तर ०.८५ आला. उत्तर १.८१ दिलंय. प्लास्टिक न्यूट्रल अक्ष सेंट्रॉइडमधून का जात नाही? माझं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचा गुणाकार आणि बेरीज बरोबर आहे. १.९१ मध्ये अक्ष चुकला आहे. ०.८५ मध्ये अक्ष तर चुकलाच आहे, शिवाय भागाकारासाठी घेतलेला इलॅस्टिक मॉड्युलसही चुकीच्या टोकाचा आहे. दोन्ही चुका एकेक करून पाहू.

न्यूट्रल अक्ष ठरवणारी अट एकच: बाहेरून अक्षीय बल नसेल तर छेदावरचं एकूण दाबबल आणि एकूण ताणबल सारखं हवं. अक्ष सेंट्रॉइडमधून जातो हा या अटीतून निघणारा निष्कर्ष आहे आणि तो फक्त इलॅस्टिक अवस्थेपुरता खरा आहे. तिथे स्ट्रेस अक्षापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे बलाच्या समतोलात क्षेत्र आणि अंतर यांचा गुणाकार येतो आणि तो शून्य होण्याची जागा म्हणजे सेंट्रॉइड. पूर्ण प्लास्टिक अवस्थेत प्रत्येक तंतू यील्ड स्ट्रेसवर पोचलेला असतो. अक्षाला लागून असलेला तंतू आणि टोकाचा तंतू दोघंही चौरस मिलिमीटरमागे सारखंच बल देतात. अंतराचा बलाशी संबंधच उरत नाही, उरतं फक्त क्षेत्र. म्हणून प्लास्टिक न्यूट्रल अक्ष छेदाचे दोन समान क्षेत्रफळाचे भाग करतो. आयताकृती किंवा आय सेक्शनमध्ये वरचा आणि खालचा भाग सारखाच असल्यामुळे दोन्ही अक्ष एकाच जागी येतात आणि हा फरक कधी जाणवत नाही. टी सेक्शनमध्ये तो लपत नाही.

आता तुमचा छेद. फ्लँजचं क्षेत्र १२०० आणि वेबचं १५०० चौ. मिमी, एकूण २७००. अर्धं म्हणजे १३५०. वरून मोजायला लागलो की अख्ख्या फ्लँजमध्ये १२०० संपतात आणि १५० कमी पडतात. ते वेबमधून घ्यायचे. वेबची जाडी १० मिमी, म्हणजे १५ मिमी खाली उतरायचं. प्लास्टिक न्यूट्रल अक्ष वरच्या कडेपासून १० + १५ = २५ मिमीवर.

त्या अक्षाभोवती तीन तुकड्यांचे मोमेंट घेऊ. फ्लँजचं केंद्र वरून ५ मिमीवर आहे, म्हणजे अक्षापासून २० मिमी. वेबचा अक्षाच्या वरचा १५ मिमीचा तुकडा, त्याचं केंद्र ७.५ मिमीवर. वेबचा खालचा १३५ मिमीचा तुकडा, त्याचं केंद्र ६७.५ मिमीवर.

Zp = १२०० × २० + १५० × ७.५ + १३५० × ६७.५
= २४,००० + १,१२५ + ९१,१२५
= १,१६,२५० घन मिमी

इथे चिन्हांकडे लक्ष द्या. वर दाब आणि खाली ताण असला तरी दोघांचा मोमेंट एकाच दिशेने फिरवतो, म्हणून तिन्ही संख्यांची बेरीज होते. वरच्या भागाचं अंतर ऋण धरून वजाबाकी केली की हाती भलतंच काहीतरी लागतं.

हेच उत्तर दुसऱ्या वाटेने तपासता येतं आणि तपासावंच. वरच्या १३५० चौ. मिमीचं केंद्र अक्षापासून (२४,००० + १,१२५) ÷ १३५० = १८.६१ मिमीवर आहे, खालच्या अर्ध्याचं ६७.५ मिमीवर. दोन केंद्रांतलं अंतर ८६.११ मिमी, त्याला १३५० ने गुणलं की पुन्हा १,१६,२५०. स्टीलचा यील्ड स्ट्रेस २५० न्यूटन प्रति चौ. मिमी धरला तर प्रत्येक अर्ध्यावर ३३७.५ किलोन्यूटन बल आहे आणि ही दोन समान बलं ८६.११ मिमीच्या अंतरावर एक जोडी करतात. प्लास्टिक मोमेंट म्हणजे हीच जोडी: २९.०६ किलोन्यूटन-मीटर.

आता तुमचा १,२२,२२५ तपासू. सेंट्रॉइड वरून ४९.४४ मिमीवर येतो: (१२०० × ५ + १५०० × ८५) ÷ २७००. अक्ष तिथे धरला तर वर १५९४ चौ. मिमी दाबात आणि खाली फक्त ११०६ चौ. मिमी ताणात राहतं. २५० ने गुणलं की दाबबल सुमारे १२२ किलोन्यूटनने जास्त भरतं. शुद्ध वाकण्यात हे जादा बल घ्यायला कोणी नाही, म्हणून ती अवस्था शक्य नाही. टी सेक्शनवर बाहेरून खरोखरच सेंट्रॉइडमधून १२२ किलोन्यूटन दाब असता, तर सेंट्रॉइडभोवतीची वाकण्याची क्षमता बरोबर तुमच्या आकड्याइतकी निघाली असती. म्हणजे तुम्ही काढलेली संख्या निरर्थक नाही, फक्त ती वेगळ्या भारासाठीची आहे.

चुकलेला आकडा मोठाच का आला, हे समजून घेण्यासारखं आहे. तुकड्यांच्या अंतरांची चिन्ह सोडून केलेली बेरीज समान क्षेत्राच्या अक्षाभोवती किमान असते. संख्याशास्त्रात मध्यकापासूनच्या निरपेक्ष अंतरांची बेरीज किमान असते, तीच ही गोष्ट: सेंट्रॉइड म्हणजे सरासरी, प्लास्टिक अक्ष म्हणजे मध्यक. त्यामुळे प्लास्टिक अक्ष वर चुकला काय किंवा खाली चुकला काय, Zp नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येतो आणि चूक नेहमी असुरक्षित बाजूलाच जाते. योग्य आणि चुकलेला असे दोन्ही अक्ष वेबमध्ये असतील तर ही वाढ नेमकी मोजता येते:

ΔZp = tw × δ²

इथे tw ही वेबची जाडी आणि δ हे दोन अक्षांमधलं अंतर. तुमच्या बाबतीत δ = ४९.४४ − २५ = २४.४४ मिमी, म्हणून वाढ १० × २४.४४² ≈ ५,९७५. आणि १,१६,२५० + ५,९७५ = १,२२,२२५. तुमचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळतो, म्हणजे अक्ष सोडून दुसरं काही चुकलेलं नाही.

याच सूत्रातून एक सोपी चाचणी मिळते. अक्ष २४ मिमीवर धरून Zp काढा, मग २६ मिमीवर धरून काढा. दोन्ही वेळा १,१६,२६० येतो, म्हणजे बरोबर १० ने जास्त. दोन्हीकडे सारखी वाढ झाली की अक्ष योग्य जागी आहे. एका बाजूला Zp कमी झाला तर अक्ष त्या बाजूला सरकवायला हवा.

आता शेप फॅक्टर. सेंट्रॉइडभोवतीचा इनर्शिया मोमेंट असा:

फ्लँज: १०,००० + १२०० × ४४.४४² = २३,८०,३७०
वेब: २८,१२,५०० + १५०० × ३५.५६² = ४७,०८,७९६
I = ७०,८९,१६६ मिमी⁴ (गुणताना ४४.४४४ आणि ३५.५५६ घेतले आहेत)

इथे दोन इलॅस्टिक मॉड्युलस निघतात. वरच्या कडेला ७०,८९,१६६ ÷ ४९.४४४ म्हणजे सुमारे १,४३,३७६ घन मिमी, खालच्या टोकाला ७०,८९,१६६ ÷ ११०.५६ म्हणजे सुमारे ६४,१२३ घन मिमी. शेप फॅक्टर म्हणजे प्लास्टिक मोमेंट भागिले यील्ड मोमेंट, आणि यील्ड मोमेंट म्हणजे छेदातला पहिला तंतू यील्ड होतो तेव्हाचा मोमेंट. सगळ्यात दूरचा तंतू पहिला यील्ड होतो आणि इथे तो वेबचं खालचं टोक आहे. म्हणून लहान Ze घ्यायचा:

शेप फॅक्टर = १,१६,२५० ÷ ६४,१२३ = १.८१

तुमचा ०.८५ हा १,२२,२२५ ÷ १,४३,३७६ चा भागाकार आहे. शेप फॅक्टर १ पेक्षा कमी निघाला की तिथेच थांबा. पूर्ण यील्ड झालेला छेद पहिल्या यील्डपेक्षा कमी मोमेंट घेईल हे होऊ शकत नाही, त्यामुळे असं उत्तर चूकच असतं आणि बहुतेक वेळा चूक मोठा Ze घेतल्याचीच असते. अंदाजासाठी ओळखीच्या छेदांचे आकडे लक्षात ठेवलेले बरे. आय सेक्शन मुख्य अक्षाभोवती साधारण १.१२ ते १.१५, आयत १.५, भरीव वर्तुळ १.७०. टीची वेब फ्लँजच्या मानाने खोल असेल तर १.८ च्या आसपास येणं स्वाभाविक आहे.

आय सेक्शनपेक्षा हा आकडा इतका मोठा का, ते अक्षाच्या प्रवासात दिसतं. मोमेंट १६.०३ किलोन्यूटन-मीटर झाला की वेबचं टोक यील्ड होतं, अक्ष अजून ४९.४ मिमीवरच असतो. मोमेंट आणखी वाढला की टोकाकडचा भाग २५० च्या वर स्ट्रेस देऊ शकत नाही, तरी समतोल तर राखायचाच. म्हणून अक्ष वर, फ्लँजकडे सरकतो आणि वेबचा जास्त भाग ताणाला लावतो. अक्ष ४० मिमीपर्यंत वर आला त्या क्षणाचं गणित केलं तर वेबचा खालचा ७१ मिमी भाग यील्ड झालेला असतो, पण फ्लँजच्या वरच्या कडेला स्ट्रेस फक्त २०६ न्यूटन प्रति चौ. मिमी असतो, म्हणजे अख्खा फ्लँज इलॅस्टिकच. त्या वेळी मोमेंट २५.१ किलोन्यूटन-मीटर आहे, म्हणजे प्लास्टिक मोमेंटच्या सुमारे ८६ टक्के. पहिल्या यील्डनंतर फ्लँजकडे भरपूर क्षमता शिल्लक असते, म्हणून शेप फॅक्टर मोठा येतो. पण ती क्षमता फुकट मिळत नाही. या टप्प्यावर वक्रता पहिल्या यील्डच्या वेळच्या सुमारे २.३ पट झालेली असते. अक्ष २५ मिमीवर फक्त सिद्धांतात पोचतो, कारण अक्षालगतचा तंतू यील्ड व्हायला वक्रता अनंत लागेल. प्रत्यक्षात तो त्याच्या अगदी जवळ जातो आणि हिशोबाला तेवढं पुरतं.

फ्लँज रुंद असेल तर अक्ष फ्लँजमध्येच राहतो, आणि गणितात सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते. समजा फ्लँज १२० ऐवजी २०० मिमी केला आणि वेब तोच ठेवला. फ्लँजचं क्षेत्र २०००, एकूण ३५००, अर्धं १७५०. फ्लँजचं क्षेत्र अर्ध्यापेक्षा जास्त आहे, म्हणून अक्ष वेबमध्ये उतरतच नाही. १७५० ला फ्लँजच्या रुंदीने, म्हणजे २०० ने भागायचं: अक्ष वरून ८.७५ मिमीवर. सवयीने वेबच्या जाडीने भागलं की अक्ष कुठल्या कुठे जातो. म्हणून आधी फ्लँजचं क्षेत्र आणि एकूण क्षेत्राचं अर्धं यांची तुलना करावी आणि मगच कशाने भागायचं ते ठरवावं. दोन्ही क्षेत्रं नेमकी सारखी असतील तर अक्ष बरोबर जोडावर येतो.

या रुंद टीचा Zp १,२२,१८८ घन मिमी येतो. आधीच्या छेदाशी ताडून पाहा: क्षेत्र ८०० चौ. मिमीने, म्हणजे जवळजवळ ३० टक्के वाढवलं आणि Zp फक्त ५ टक्के वाढला. वाढवलेला सगळा भाग अक्षाजवळ पडला, जिथे हात छोटा असतो. खालच्या टोकाचा Ze सुमारे ६८,८८१ होतो आणि शेप फॅक्टर १.७७. टी सेक्शनची प्लास्टिक क्षमता वाढवायची असेल तर फ्लँज रुंद करून फारसं काही हाती लागत नाही, वेबची खोली किंवा जाडी वाढवावी लागते.

फ्लँज आणि वेब वेगवेगळ्या यील्ड स्ट्रेसच्या प्लेटचे असतील तर समान क्षेत्राचा नियम चालत नाही, समान बलाचा नियम लावावा लागतो. तुमच्याच मापांत फ्लँज २५० आणि वेब ३५० चा असेल तर एकूण बल ३,००,००० + ५,२५,००० न्यूटन. अर्धं ४,१२,५००. फ्लँज वजा करून उरलेले १,१२,५०० न्यूटन ३५० × १० ने भागले की वेबमध्ये ३२.१ मिमी, म्हणजे अक्ष वरून ४२.१ मिमीवर. अशा छेदाला एकच Zp लावण्याऐवजी थेट प्लास्टिक मोमेंट काढावा.

रोलिंग करून काढलेल्या किंवा आय सेक्शन कापून केलेल्या टीमध्ये जोडावर गोलाई असते, तिचं क्षेत्र अक्ष थोडा हलवतं. तिथे तक्त्यातले आकडे वापरावेत. वरचं गणित सरळ कडांच्या प्लेट जोडून केलेल्या टीचं आहे.

१.८१ हा आकडा डिझाइनमध्ये पूर्ण वापरता येतो का? बहुतेक वेळा नाही, आणि त्याचं कारण याच छेदात दिसतं. प्लास्टिक मोमेंटला १.१० या सुरक्षा गुणकाने भागलं तर २६.४ किलोन्यूटन-मीटर येतो. भाराचा गुणक १.५ धरला तर रोजच्या वापरातला मोमेंट १७.६ पर्यंत जाऊ शकतो, आणि यील्ड मोमेंट तर १६.०३ आहे. म्हणजे नेहमीच्या भाराखालीच वेबचं टोक यील्ड होईल आणि भार काढल्यावरही बीम थोडा वाकलेलाच राहील. हेच टाळण्यासाठी IS 800:2007 साध्या आधाराच्या बीमसाठी डिझाइन मोमेंटला १.२ Ze fy ÷ १.१० ची मर्यादा घालतं. या छेदाला ती १७.५ किलोन्यूटन-मीटर पडते, म्हणजे Zp वरून आलेल्या २६.४ पेक्षा बरीच कमी. अमेरिकन AISC 360 वेब ताणात असलेल्या टीसाठी प्लास्टिक मोमेंट यील्ड मोमेंटच्या १.६ पटींवर थांबवतं. तेही इथे २५.६ किलोन्यूटन-मीटर म्हणजे २९.०६ च्या खाली आहे. टी सेक्शनमध्ये Zp बरोबर काढूनही शेवटी Ze च निर्णायक ठरतो ते या मर्यादांमुळे, म्हणून Ze ही तेवढ्याच काळजीने काढावा.

मोमेंटची दिशा उलटी झाली तर कागदावर Zp तसाच राहतो, कारण क्षेत्रं आणि अंतरं बदलत नाहीत. पण आता वेबचं मोकळं टोक दाबात येतं. फ्लँज वर असलेल्या कँटिलिव्हरमध्ये किंवा सलग बीमच्या आधारावर हे होतं. मोकळ्या टोकाला बाजूने धरणारं काही नसतं आणि पूर्ण यील्ड होण्याआधी ते लाटेसारखं बाहेर झुकतं. IS 800 मध्ये टीच्या वेबसाठी खोली ÷ जाडी ९.४ पर्यंत असेल तरच छेद कॉम्पॅक्ट धरता येतो आणि सेमी-कॉम्पॅक्टची मर्यादा १८.९ आहे (२५० च्या स्टीलसाठी). तुमच्या छेदात हे प्रमाण १६० ÷ १० = १६ आहे, म्हणजे वेब दाबात असताना तो सेमी-कॉम्पॅक्ट ठरतो आणि Zp वापरताच येत नाही, Ze वरच डिझाइन करावं लागतं. AISC सुद्धा वेब दाबात असलेल्या टीला यील्ड मोमेंटच्या पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे Zp काढायला बसण्याआधी वेबचं टोक ताणात आहे की दाबात, हे बीमच्या प्रत्येक छेदापाशी बेंडिंग मोमेंट आकृतीवरून ठरवून घ्या.